भाड्याची आठवण द्यायची, पण जुन्या भाडेकरूला न दुखावता : एका पत्राची दुरुस्ती

बेळगाव : शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत आजही अशी घरं आहेत, जिथं घरमालक आणि भाडेकरू यांचा व्यवहार पंधरा-वीस वर्षं निव्वळ तोंडी चालत आलेला असतो. भाडं दहा तारखेच्या आसपास यायचं, मालकानं ते वहीत टिपायचं, एखादा महिना मागं-पुढं झाला तर पुढच्या महिन्यात भरून निघायचं. मग मालकाचं वय होतं, हिशेब मुलाच्या हातात येतो, मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा हुबळीला असतो आणि एक दिवस भाडेकरूच्या हातात थेट पत्र पडतं. त्या पत्रातली भाषा बहुतेक वेळा वकिलाच्या नोटिशीतून किंवा बँकेच्या कागदातून उचललेली असते. मागणी रास्त असते, पण शब्द असे पडतात की चौदा वर्षांचा शेजार चार ओळींत संपतो. भाडं मात्र येत नाही, कारण भाडेकरू रकमेचा विचार करायच्या आधी अपमानाचा विचार करायला लागतो.

असं पत्र कसं दुरुस्त करायचं, हे एका नमुन्यावरून बघू. घर शहापूर भागातलं, जुनं, कौलारू, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाडेकरू शिंपीकाम करणारे, साठीच्या पुढचे, चौदा वर्षांपासून राहणारे. भाडं महिना ६,५०० रुपये. मार्चपर्यंत सगळं सुरळीत, नंतर गाडी अडलेली. मालकांचा मुलगा आता हिशेब बघतो. त्यानं जुलैच्या सुरुवातीला लिहिलेला पहिला मसुदा असा :

"श्री. ... (भाडेकरू) यांस,
आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की, आपण गेल्या तीन महिन्यांचे भाडे अद्याप भरलेले नाही. वारंवार सांगूनही आपण टाळाटाळ करीत आहात. एवढी वर्षे कमी भाड्यात राहू दिले याची तरी जाणीव ठेवावी. तरी कृपया सदर थकबाकी आठ दिवसांच्या आत विनाविलंब भरावी, अन्यथा घर खाली करून घेण्यात येईल व कायदेशीर कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.
घरमालक"

पत्र कडक आहे, हे कुणीही सांगेल. पण ते स्पष्टही नाही, आणि खरी गोम इथंच आहे. किती रुपये द्यायचे, हे संपूर्ण पत्रात कुठंच नाही. आठ दिवस कधीपासून मोजायचे? पत्रावर तारीख नाही, ते हातात केव्हा पडलं यावर सगळं अवलंबून. पैसे कुणाकडं द्यायचे, म्हाताऱ्या मालकांकडं की मुलाच्या खात्यात, तेही नाही. कडक शब्द वापरले की माणसाला वाटतं आपण ठामपणे बोललो. प्रत्यक्षात ठामपणा असतो तो आकड्यात आणि तारखेत, आणि या दोन्ही गोष्टी मसुद्यात नाहीत.

आधी हिशेब, मग शब्द

दुरुस्तीला बसताना शब्दांना हात लावायच्या आधी वही उघडायला हवी. या प्रकरणात वही उघडली तेव्हा "तीन महिन्यांचे भाडे" हेच चूक निघालं. एप्रिलचं भाडं आलेलं नाही, हे खरं. पण मे महिन्यात भाडेकरूनं २० तारखेला ४,००० रुपये रोख मालकांच्या हातात दिले होते आणि मालकांनी ते वहीत लिहिलेही होते. मुलाला ते माहीत नव्हतं. जूनचं भाडं आलेलं नाही. म्हणजे एप्रिलचे ६,५००, मे महिन्याचे उरलेले २,५०० आणि जूनचे ६,५००, असे मिळून १५,५०० रुपये बाकी. तीन महिन्यांचं पूर्ण भाडं धरलं असतं तर १९,५०० झाले असते. ज्या माणसानं ओढाताण करून चार हजार आणून दिले, त्याला "तुम्ही काहीच भरलं नाही" असं लेखी कळवणं याच्यासारखा अनादर दुसरा नाही. तिथं कितीही गोड शब्द घातले असते तरी उपयोग नव्हता.

अर्धवट रक्कम कुठल्या महिन्यात धरायची, यावरून कधीकधी वाद होतो. भाडेकरूनं देताना "हे मे महिन्याचे" असं सांगितलं असेल तर ते त्याच महिन्यात धरावेत. काहीच सांगितलं नसेल तर मालक जुन्या बाकीत जमा करू शकतो. एकूण आकडा दोन्हीकडं सारखाच येतो, पण पत्रात जे लिहिलंय ते भाडेकरूच्या आठवणीशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही की बोलणं भाड्यावरून हटून "मी तेव्हा काय सांगितलं होतं" यावर जातं.

कुठला शब्द का लागतो

आता भाषेकडं. "कळविण्यात येते", "करण्यात येईल" ही कर्मणी रचना सरकारी कचेरीची आहे. तिच्यात लिहिणारा माणूस दिसत नाही. तहसीलदाराच्या कागदात ते ठीक, कारण तिथं माणूस नसतोच, पद असतं. पण ज्याला भाडेकरूनं लहानपणी शाळेचा गणवेश शिवून दिला, त्यानं "आपणांस कळविण्यात येते" म्हटलं की समोरच्याला एकच कळतं : हा आता मला ओळखत नाही. तेच "यांस" आणि कंसातल्या "भाडेकरू" या शब्दाचं. त्यापेक्षा रोज तोंडी जी हाक आहे तीच पत्रात यावी. बेळगावात वयानं मोठ्या भाडेकरूला काका किंवा मामा म्हणायची पद्धत आहे, बाईमाणूस असेल तर काकू, मावशी किंवा अक्का. तोंडी काका आणि कागदावर "भाडेकरू" हा फरक पहिल्याच ओळीत टोचतो.

"आपण" या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. मराठीत "आपण" हे आदराचं रूप आहे, पण ज्याच्याशी रोज "तुम्ही" म्हणून बोलतो त्याला एकाएकी "आपण" लिहिलं तर आदर वाढत नाही, अंतर वाढतं. रोजच्या बोलण्यात "तुम्ही" असेल तर पत्रातही "तुम्ही"च ठेवावं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत हिंदीच्या सवयीनं "आपण" सहज येतं, तिथं ते परकं वाटणार नाही. ज्या घरात जे चालतं ते.

"कृपया" हा शब्द मऊपणा आणतो असा अनेकांचा समज आहे. "कृपया... विनाविलंब भरावी, अन्यथा..." या वाक्यात तो काहीच करत नाही, कारण पुढचं "अन्यथा" त्याला गिळून टाकतं. विनंती करायची असेल तर धमकी काढावी लागते. दोन्ही एकाच वाक्यात राहू शकत नाहीत.

मग "वारंवार सांगूनही" आणि "टाळाटाळ". चौकशी केली तर वारंवार म्हणजे मालकांनी एकदा दारात उभं राहून "भाड्याचं बघा की जरा" म्हटलेलं, एवढंच. ते सांगणंच मोघम होतं. आणि टाळाटाळ हा आरोप आहे, घटना नाही. "एप्रिलचं भाडं आलेलं नाही" ही घटना, ती वहीत दाखवता येते. "तुम्ही टाळताय" हे समोरच्याच्या मनात शिरून काढलेलं अनुमान, ते दाखवता येत नाही आणि तो नाकारणारच. इथं वाक्याचा कर्ता बदलला तरी पुष्कळ काम होतं. "तुम्ही भाडे भरलेले नाही" ऐवजी "भाडे आलेले नाही" किंवा "जमा झालेले नाही" लिहिलं की तीच माहिती राहते, बोट दाखवणं जातं. मराठीत ही सोय फार चांगली आहे, ती वापरावी.

सगळ्यात वाईट वाक्य मधलं : "एवढी वर्षे कमी भाड्यात राहू दिले याची तरी जाणीव ठेवावी." हे दुरुस्त होत नाही, ते पूर्ण काढायचंच. चौदा वर्षं भाडेकरूनं भाडं दिलंय, फुकट राहिलेला नाही. उपकार काढून दाखवले की तोही त्याचे उपकार मोजायला लागतो : पावसाळ्यात स्वतःच्या खर्चानं टाकलेला प्लॅस्टिकचा कागद, मालक आजारी असताना रिक्षानं दवाखान्यात नेलेलं, सगळं. चौदा वर्षांचा उल्लेख चांगल्या हेतूनं केला तरी जपून करावा. "चौदा वर्षांत भाड्यासाठी पत्र लिहायची वेळ आली नव्हती" हे वाक्य लिहिणाऱ्याला कौतुकाचं वाटतं, वाचणाऱ्याला टोमणा.

राहता राहिलं "घर खाली करून घेण्यात येईल". ही धमकी पोकळ आहे आणि जुन्या भाडेकरूला ते बहुधा माहीत असतं. भाडं थकलं म्हणून आठ दिवसांत कुणालाही घराबाहेर काढता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार थकलेल्या भाड्याच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून ताब्याचा दावाच लावता येत नाही. कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा ज्या घरांना लागू होतो, तिथं नोटीस मिळाल्यापासून भाडेकरूला बाकी भरायला दोन महिने मिळतात. जे करता येत नाही ते करू म्हणणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांनाही वजन राहत नाही.

फार मऊ केलं तरी पत्र फसतं

दुसऱ्या टोकाची चूक तितकीच नेहमीची आहे. वरची टीका ऐकून मालक मंडळी लिहितात, "भाड्याचं थोडं राहिलंय वाटतं, जमेल तसं बघा." यात आदर आहे, पण मागणी नाही. "जमेल तसं" हे भाडेकरू खरंच जमेल तसं घेतो, आणि त्यात त्याची चूक नाही. "थोडं" म्हणजे किती? "वाटतं" म्हणजे मालकालाच खात्री नाही? दोन महिन्यांनी मालक चिडतो, की एवढं चांगलं सांगून उपयोग झाला नाही, आणि मग पुन्हा पहिल्या मसुद्यावर जातो. "सवडीनं", "शक्य झाल्यास", "लवकरात लवकर" हे तिन्ही शब्द भाड्याच्या पत्रात येऊ नयेत. लवकरात लवकरची तारीख कॅलेंडरात सापडत नाही.

दुरुस्त केलेलं पत्र

आकडे वहीतले, हाक रोजची, एक तारीख, आणि अडचण असेल तर बोलायला मोकळी जागा. एवढं घेऊन पत्र असं झालं :

"५ जुलै २०२५

श्री. ... काका,
सप्रेम नमस्कार.

बाबांचा आणि तुमचा भाड्याचा हिशेब आजवर तोंडीच चालत आला. आता वही मी बघतो, म्हणून लिहून कळवतो आहे.

मार्चअखेरपर्यंतचे भाडे पूर्ण जमा आहे. एप्रिलचे ६,५०० रुपये आलेले नाहीत. मे महिन्याचे ४,००० रुपये तुम्ही २० मे रोजी बाबांकडे रोख दिलेत, त्यातले २,५०० राहिले. जूनचे ६,५०० आलेले नाहीत. जूनअखेर एकूण बाकी १५,५०० रुपये होते.

ही रक्कम मंगळवार, १५ जुलैपर्यंत जमा करावी, ही विनंती. रोख देणार असाल तर बाबांकडे द्या आणि त्यांच्याकडून पावती घ्या. खात्यात भरणार असाल तर पूर्वीचेच खाते चालू आहे.

सगळे एकदम देणे अवघड असेल तर १५ तारखेच्या आत मला फोन करा. कोणत्या तारखेला किती, ते दोघे मिळून ठरवू आणि लिहून ठेवू. जुलैपासूनचे भाडे मात्र नेहमीसारखे दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत यावे.

हिशेबात एखादी रक्कम धरायची राहिली असेल तर जरूर सांगा, वही बघून दुरुस्त करतो.

स्वयंपाकघरावरच्या कौलांचे बाबांनी कबूल केले होते ते माझ्या लक्षात आहे. गवंडी रविवारी, १३ जुलैला बघायला येईल.

तुमचा,
..."

यात भाड्याची एक पैचीही सूट नाही. तारीख आहे, आकडा आहे, चालू भाड्याबद्दलचं "मात्र" आहे. पहिल्या मसुद्यापेक्षा हे पत्र जास्त ठाम आहे, कारण यातून सुटायला जागा नाही : एकतर रक्कम द्यायची, नाहीतर फोन करायचा. काहीच न करणं हा तिसरा पर्याय उरत नाही.

कौलांची ओळ शेवटी का, यालाही कारण आहे. जुना भाडेकरू एकाएकी भाडं द्यायचं थांबतो तेव्हा दर वेळी पैशाची अडचण नसते. पुष्कळदा दुरुस्ती कबूल करून झालेली नसते, आणि तोंडानं भांडण्याऐवजी तो भाडं धरून ठेवतो. बेळगावात जून-जुलैच्या पावसात गळकी कौलं म्हणजे चुलीवर पाणी. दुरुस्ती आणि भाडं या दोन गोष्टी एकमेकांना बांधू नयेत. "भाडं दिलंत की कौलं बदलू" म्हटलं की तो "कौलं बदला, मग भाडं देतो" म्हणणार, आणि दोघंही बरोबर. म्हणून दुरुस्तीला वेगळा परिच्छेद आणि तिची वेगळी तारीख. अर्थात गवंडी त्या दिवशी खरंच यायला हवा, नाहीतर ती ओळ लिहूच नये.

"करावी, ही विनंती" आणि "याची नोंद घ्यावी" या दोन्हींत क्रियापदाचं रूप सारखंच "-वी" आहे, तरी पहिलं नम्र आणि दुसरं हुकमी वाटतं. पहिल्यात मागणारा माणूस आहे, दुसऱ्यात नाही. ज्यांना पत्रात बोलीच घालायची आहे त्यांनी "१५ तारखेपर्यंत द्या" लिहिलं तरी चालेल. बेळगावकडचं "द्या की" मात्र कागदावर आर्जव वाटतं, ते तोंडी बोलण्यासाठी ठेवावं. भाडेकरू कन्नड वाचणारे असतील तर हेच पत्र कन्नडमध्ये लिहून घ्यावं. मराठी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागलं की घरातली बाकी गल्लीत जाते.

पत्र पाठवायच्या आधी एक चाचणी सोपी आहे. ज्याला या घराचं काही माहीत नाही अशा माणसाला ते वाचायला द्यावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात : किती द्यायचेत, कधीपर्यंत, आणि जमत नसेल तर काय करायचं. उत्तर देताना तो अडखळला तर पत्र अजून कच्चं आहे. मग स्वतः मोठ्यानं वाचावं, भाडेकरू सुनेसमोर ते वाचतोय असं समजून. जिथं आवाज आपोआप चढतो ते वाक्य बदलायचं.

पत्र बंद पाकिटात, हातात द्यावं. दारावर चिकटवणं किंवा गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं म्हणजे सगळं शहाणपण पाण्यात. एकट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हरकत नाही, पण निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही म्हणून तासाभरात दुसरा मेसेज नको. १२ तारखेला एवढं पुरे : "काका, नमस्कार. १५,५०० रुपयांचं मंगळवार, १५ तारखेपर्यंतचं आठवणीसाठी कळवतोय. काही अडचण असेल तर आज-उद्या फोन करा."

फोन आला आणि हप्ते ठरले की ते त्याच दिवशी लिहून पाठवायचे. समजा काकांनी १५ जुलैला ५,५००, १५ ऑगस्टला ५,०००, १५ सप्टेंबरला ५,००० असं कबूल केलं, तर मेसेज असा : "काका, ठरल्याप्रमाणे जूनपर्यंतची बाकी १५,५०० तीन हप्त्यांत : १५ जुलै ५,५००, १५ ऑगस्ट ५,०००, १५ सप्टेंबर ५,०००. दर महिन्याचं भाडं १० तारखेपर्यंत वेगळं. बरोबर आहे ना, तेवढं कळवा." "बरोबर आहे" एवढं लेखी उत्तर आलं तरी मालकाचं काम होतं. थकलेलं भाडं कोर्टातून वसूल करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत देणेकऱ्यानं बाकी लेखी, सहीनिशी मान्य केली तर मुदत तिथून नव्यानं मोजली जाते. मेसेज चालेल की कागदावर सही घ्यावी, हे रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारावं.

हे पत्र कायदेशीर नोटीस नाही, आणि तिची जागाही घेत नाही. १५ तारीख गेली, फोन नाही, हप्ता नाही, तर आणखी एकदाच लिहावं : "५ जुलैच्या पत्रातली बाकी आलेली नाही, तुमचा फोनही आला नाही. ३१ जुलैपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही तर मला वकिलामार्फत रीतसर नोटीस द्यावी लागेल. तसं व्हावं असं मला वाटत नाही, म्हणून आधी सांगतोय." ही धमकी नाही, पुढं जे होणार आहे त्याची पूर्वसूचना आहे, आणि लिहिलंय तसं करायची तयारी असेल तरच ती लिहायची. नोटिशीत मग वकिलाची भाषा येऊ द्यावी, "सदर" आणि "अन्यथा"सकट. भाडेकरू जाणूनबुजून बुडवणारा असेल, पोटभाडेकरू ठेवून स्वतः दुसरीकडं राहत असेल, तर काका-मामा म्हणत बसण्यात अर्थ नाही, थेट वकिलाकडं जावं. पण तशा माणसालाही पहिल्या पत्रात आकडा आणि तारीख चुकीची गेली असेल, तर त्याचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार.